खालचं पुसायला विसरू नका

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, वर्तमानपत्रांच्या रॅकमागे एक टेबल होतं. त्यावर पुठ्ठ्याची पाटी होती : ‘नोकरीचे अर्ज तपासून मिळतील. मंगळवार, गुरुवार, अकरा ते एक.’ पाटीखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘मन घट्ट करून या.’

टेबलामागे बसणाऱ्या बाई पूर्वी एका मोठ्या कंपनीत माणसं भरती करायच्या. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे अर्ज वाचले. आता निवृत्त झाल्यावरही तेच वाचत होत्या, पण फुकट. प्रत्येक अर्ज त्या कागदावर छापून घ्यायच्या आणि लाल पेनाने त्याची चिरफाड करायच्या, म्हणून खाली ग्रंथपालापासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना लालपेनबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. हरकत नव्हती.

त्या मंगळवारी त्यांच्यासमोर जो माणूस येऊन बसला तो बावन्न वर्षांचा होता. इस्त्रीचा शर्ट, पण इस्त्री फक्त पुढच्या बाजूला केलेली. एकटा राहणारा माणूस पाठीला इस्त्री करत नाही, पाठ कोण बघतं? तो पंचवीस वर्षं पंप बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. नट, बोल्ट, वॉशर, बेअरिंग, पॅकिंग. कोण काय मागतो, ते कुठल्या मांडणीत आहे, किती उरलं, कधी मागवायचं, हे सगळं त्याच्या डोक्यात असायचं. मग कारखाना बंद पडला. त्याच महिन्यात बायको आजारी पडली. दहा महिने तो तिच्यापाशी होता. ती गेली त्याला आता चौदा महिने झाले होते.

मधल्या काळात त्याने अठरा ठिकाणी अर्ज पाठवले होते. अठरावा आदल्याच दिवशी, सोमवारी दुपारी. लिफ्टची देखभाल करणारी कंपनी होती, सुट्या भागांच्या स्टोअरसाठी माणूस हवा होता. जाहिरात त्याने चार वेळा वाचली. जणू त्याच्याकडे बघूनच कोणी लिहिली होती. अर्जाची मुदत गुरुवार, संध्याकाळी पाच.

आधीच्या सतरांपैकी एकाचंही उत्तर आलं नव्हतं. ‘होय’ही नाही, ‘नाही’ही नाही. दुसऱ्या गावी राहणारी मुलगी फोनवर म्हणाली होती, “बाबा, सतरा दगड विहिरीत टाकले आणि एकाचाही आवाज आला नाही, म्हणजे विहिरीतच काहीतरी गडबड आहे. मला पाठवा, मी बघते.”

“नको,” तो म्हणाला होता. “सगळं तयार आहे आपलं. आईनेच करून ठेवलंय.”

 मग मुलगी म्हणाली होती, “निदान त्या वाचनालयातल्या बाईंना तरी दाखवा.”

म्हणून तो आला होता. खरं सांगायचं तर थोडं बोलायला मिळेल म्हणूनही आला होता. घरात दिवसभर कोणी त्याला काही मागत नसे. ज्या माणसाकडे पंचवीस वर्षं खिडकीतून दर पाच मिनिटांनी कोणी ना कोणी काहीतरी मागत होतं, त्याला कोणी चौदा महिन्यांत साधा एक वॉशर मागितला नव्हता. त्याला नोकरी हवी होती ती त्या खिडकीसाठी. पगार नंतर.

“काल पाठवलेला मेल उघडा,” लालपेनबाई म्हणाल्या. “आणि छापायला द्या.”

त्याने वाचनालयाच्या संगणकावर आपलं खातं उघडलं, मेल काढला आणि छपाईचं बटण दाबलं. कोपऱ्यातला प्रिंटर घरघरला. एक पान आलं. दुसरं आलं. तिसरं. लालपेनबाई पेनाचं टोपण काढून बसल्या होत्या. प्रिंटर थांबेना.

खालून ग्रंथपाल जिना चढून वर आले. “काय हो, कादंबरी छापताय का?”

“अर्ज आहे,” तो म्हणाला.

“अर्ज? माझा अख्खा गठ्ठा संपत आला!”

एकतीस पानं निघाली. लालपेनबाईंनी ती टेबलावर आपटून सारखी केली आणि पहिल्या पानाकडे बघितलं.

“विषय,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “‘फॉरवर्ड : ह्यांचा अर्ज.’ ह्यांचा म्हणजे कोणाचा?”

“माझा.”

“मग ‘ह्यांचा’ का?”

तो खाली बघू लागला. “माझी बायको माझं नाव घ्यायची नाही. म्हणजे नियम वगैरे नव्हता. लाजायची आधी, मग सवय झाली. संगणकातसुद्धा सगळं ‘ह्यांचं’. ह्यांचे दाखले, ह्यांचा विमा.”

“आणि जोडलेल्या फाइलचं नाव?” त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं. “‘ह्यांचा बायोडेटा शेवटचा खरंच शेवटचा.’ दुसरी, ‘स्कॅन चौतीस’.” त्यांनी चष्मा काढला. “अहो स्टोअरकीपर, तुमच्या स्टोअरमध्ये एखाद्या खोक्यावर ‘ह्यांचं सामान, खरंच शेवटचं’ असं लिहिलेलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?”

“परत पाठवलं असतं,” तो पटकन म्हणाला.

“का?”

“चिठ्ठीवर भागाचा नंबर हवा. नंबर नसला की खोकं उघडावं लागतं. शंभर खोकी कोण उघडणार?”

“आता तुम्हीच बोललात.” लालपेनबाई खूश झाल्या. “तिकडे बसलेल्या मुलीसमोर शंभर खोकी असतात. प्रत्येकाने फाइलला ‘बायोडेटा’ नाव दिलेलं असतं. ती संगणकात उतरवून ठेवली की कुठली कोणाची, कळत नाही. जाहिरात आणलीय?”

त्याने घडी केलेली जाहिरात काढली. बाईंनी तिच्यातल्या दोन ओळींखाली लाल रेघ मारली. “हे वाचा.”

त्याने वाचलं. “‘विषयात पदाचा संकेत स्टोअर-०७ लिहावा. फाइलच्या नावात आडनाव, नाव आणि संकेत असावा.’”

“जाहिरात वाचली होतीत ना? काय वाचलंत?”

त्याने कामाचं स्वरूप वाचलं होतं. सुटे भाग घेणं, देणं, नोंद ठेवणं. तेवढंच पुन्हा पुन्हा वाचलं होतं. गोड खाणारा माणूस ताटातलं लोणचं बघत नाही, तसं.

लालपेनबाई मजकूर वाचू लागल्या. पेन चालू झालं. “‘मान्यवर महोदय, आपल्या चरणी विनंती.’ चरणी कशाला? ‘मी कुठलंही काम करायला तयार आहे.’ हे काढा. कुठलंही काम करेन म्हणणाऱ्याला एकही नीट येत नाही असं वाटतं समोरच्याला. ‘माझी पत्नी वारली असून घरी कोणी नाही.’ ‘आपण संधी दिलीत तर जन्मभर ऋणी राहीन.’ ‘यापूर्वी कोणीही उत्तर दिलेलं नाही, आपण तरी द्याल ही आशा.’” त्या थांबल्या. “हे सगळं बायकोने लिहिलं होतं?”

“नाही. तिचं चारच ओळींचं होतं. एकेकाचं उत्तर आलं नाही की मी एकेक ओळ घालत गेलो. वाटलं, काहीतरी कमी पडतंय.”

बाईंनी पान उलटलं. दुसरं. तिसरं. चौथ्या पानावर त्यांचा हात थांबला. त्यांनी मागे जाऊन पाहिलं, पुन्हा पुढे आल्या.

“स्टोअरकीपर,” त्या जरा हळू म्हणाल्या, “हे दुसऱ्या कंपनीला लिहिलेलं आहे. आणि हे तिसऱ्या. हे बिस्किटांच्या कारखान्याला. तुम्ही दर वेळी नवा मेल लिहीत नाही?”

“नाही. आधीचा पाठवलेला उघडतो, फॉरवर्ड दाबतो, वरती नवं नाव घालतो. म्हणजे फाइल आपोआप जोडून येते. उत्तर दाबलं तर येत नाही, फॉरवर्ड दाबलं तर येते. ते मला तिनेच सांगितलं होतं.”

“पण मग आधीचं सगळं खाली राहतं.”

“ते दिसत नाही ना. तीन टिंबं असतात नुसती.”

“तुम्हाला तीन टिंबं. समोरच्याने त्या टिंबांवर बोट ठेवलं की सगळं उलगडतं. छापलं की हे असं.” त्यांनी एकतीस पानांवर तळवा ठेवला. “तुम्ही अठराव्याला आधीच्या सतराजणांची पत्रं पाठवलीत.”

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण बाईंना वाटलं त्या कारणाने नाही.

“शेवटचं पान नका वाचू,” तो म्हणाला.

त्यांनी ते आधीच वर घेतलं होतं. तीस वर्षं दुसऱ्यांचे कागद उलट्या बाजूनेही वाचलेली बाई ती, डोळा गेलाच. एकतिसाव्या पानावर, सगळ्यात तळाशी, बायकोने इस्पितळाच्या खाटेवरून त्याला पाठवलेला मूळ मेल होता. वर चार ओळींचा अर्ज आणि त्याखाली हे :

‘अहो, सगळं तयार करून ठेवलंय. बायोडेटा जोडलाय. तुम्ही फक्त फॉरवर्ड दाबायचं आणि वर कंपनीचं नाव बदलायचं. आधी जेवा, मग पाठवा. रिकाम्या पोटी तुम्ही चुका करता, सव्वीस वर्षं बघतेय. रोज एक तरी पाठवा. माझ्याजवळ बसून बसून माझी औषधं मोजू नका. मी घरी आले की बघीन कुठून कुठून उत्तर आलं ते. आणि हे खालचं पुसायला विसरू नका. तसंच पाठवाल, मला माहीत आहे.’

लालपेनबाईंनी पान पालथं ठेवलं. पेनाचं टोपण लावलं.  रॅकपलीकडे कोणीतरी वर्तमानपत्राची घडी केली.

“पुसलं का नाहीत?” बाईंनी विचारलं. आवाजात रागवणं नव्हतं.

“पहिल्या वेळी ती गेल्याला बारा दिवस झाले होते. ओळ निवडली. निळी झाली. बटणावर बोट ठेवलं.” तो बोटाकडे बघत म्हणाला. “नाही दाबता आलं. मग ती तीन टिंबं दिसली. म्हटलं, झाकलंय की. असू दे खाली. वर मी लिहितोय, खाली ती आहे. बरं वाटायचं पाठवताना.” मग त्याला एकदम सुचलं आणि त्याने मान वर केली. “म्हणजे अठरा ठिकाणी वाचलं लोकांनी? औषधं, पोट, सगळं?”

“माहीत नाही.”

“हसले असतील.”

“माहीत नाही म्हटलं ना मी,” बाई म्हणाल्या. “आता ऐका. आज मंगळवार. मुदत गुरुवारी पाच. तुम्ही घरी जा आणि स्वतः एक पत्र लिहा. दीडशे शब्दांच्या वर नाही. मोजायचे. चरण नाही, ऋण नाही, आशा नाही. तुम्ही काय केलंत, त्यांना काय हवंय, तुम्ही कधी येऊ शकता. बस्स. गुरुवारी अकराला आणा.”

“कालचा मेल परत घेता येत नाही?”

“तोंडातून गेलेला शब्द आणि पेटीतून गेलेला मेल. नाही येत.”

त्याने एकतीस पानं मागितली. बाईंनी तीस फाडून टोपलीत टाकली आणि एकतिसावं घडी करून त्याच्या हातात दिलं.

*

दोन दिवस त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पत्र लिहिलं. संगणकावर आधी लिहून बघितलं, पण तिथे बोट आपोआप जुन्या मेलाकडे जायचं. म्हणून वहीत लिहिलं.

समोरची खुर्ची रिकामी होती. कारखाना बंद पडला तेव्हा बायको त्या खुर्चीवर बसून त्याला विचारायची आणि टाइप करायची. “किती प्रकारचे भाग होते तुमच्याकडे?” “चार हजारांच्या आसपास.” “आसपास काय, नीट सांगा.” “चार हजार दोनशे.” “वर्षअखेर मोजणीत फरक किती यायचा?” “यायचाच नाही. एकदा आला, तर ती उंदराची चूक होती, त्याने पॅकिंग खाल्लं.” ती हसून हसून टाइप करायची थांबायची. तिचं ते चार ओळींचं पत्र असंच झालेलं. ते चांगलं होतं, हे त्याला आता, स्वतः लिहायला बसल्यावर समजलं. ते त्याच्या चौदा महिन्यांच्या भीतीखाली दबून गेलं होतं.

आता विचारणारं कोणी नव्हतं. मग त्याने स्वतःच विचारायला सुरुवात केली. किती भाग? चार हजार दोनशे. हातातल्या वहीशिवाय संगणकावर नोंद येते का? येते, शेवटची सात वर्षं तशीच केली. लिफ्टचं काही कळतं का? नाही. पण बेअरिंग, दोर, पुली, स्विच ओळखतो, उरलेलं शिकेन. हे शेवटचं लिहून त्याने खोडलं, मग परत लिहिलं. खोटं नव्हतं.

मधल्या दोन वर्षांचं काय लिहायचं तिथे तो अख्खा बुधवार अडला. पहिल्यांदा पानभर लिहून झालं. वाचलं आणि वाटलं, हे लिफ्ट कंपनीला सांगायचं नाहीये मला. कोणाला तरी सांगायचंय, पण त्यांना नाही. पान टाकलं नाही, काढून वहीच्या मागे ठेवलं. संध्याकाळी मुलीचा फोन आला.

“झालं का लिहून?”

“दोन वर्षांवर अडलंय.”

“वाचून दाखवा.”

“ते वाचून दाखवण्यासारखं नाही.”

“मग मला पाठवा बाबा,” ती म्हणाली. “कंपनीला नको. मला.”

त्याने बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर कंपनीसाठीची ओळ पाच मिनिटांत लिहून झाली.

*

गुरुवारी अकराला दहा मिनिटं असताना तो जिन्यावर उभा होता. लालपेनबाई धापा टाकत वर आल्या. “स्टोअर उघडायला आलात की काय?”

पत्र एका पानाचं होतं. बाईंनी वाचलं. पेन हातात होतं, पण बराच वेळ टेकलं नाही.

“‘कारखान्यात पंचवीस वर्षं, चार हजार दोनशे प्रकारचे भाग, शेवटची सात वर्षं नोंद संगणकावर. मोजणीत तूट नाही, एक उंदीर वगळता.’” त्या वर बघू लागल्या. “उंदीर ठेवणार आहात?”

“काढू?”

“विनोद अर्जात घालू नये, असं मी तीस वर्षं सांगत आलेय.” त्यांनी पेन उंदरावर धरलं. मग म्हणाल्या, “काढा. मला आवडलाय, पण काढा. मुलाखतीत सांगा. समोरचा माणूस हसला तर तिथे काम करायला बरं.”

उंदीर गेला. “‘मागील दोन वर्षं घरातील आजारपणामुळे काम करत नव्हतो. आता पूर्णवेळ उपलब्ध आहे.’ उत्तम. एवढंच हवं. ‘आपला आज्ञाधारक’ काढा, ‘आपला’ पुरे. खाली फोन नंबर. बायोडेट्यावर कुठला नंबर आहे?”

तो दचकला. “दोन आहेत. पहिला तिचा. कारखान्यात मी मांडण्यांमध्ये असलो की मला फोन लागायचा नाही, म्हणून तेव्हापासून तीच घ्यायची.”

“चालू आहे?”

“बंद केला. वर्ष झालं.”

 बाईंनी संगणक त्याच्याकडे वळवला. त्याने बायोडेट्यातला पहिला नंबर निवडला. तो निळा झाला. या वेळी त्याने बटण दाबलं. 

“आता पीडीएफ करा, म्हणजे तिकडे मांडणी हलत नाही. आणि नाव बदला.”

“जुनी फाइल तशीच ठेवली तर चालेल?”

“तुमच्या घरी काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा. तिकडे जाईल ती नवी.”

त्याने नवी फाइल केली आणि नाव लिहिलं : आडनाव, खाली आडवी रेघ, नाव, आडवी रेघ, स्टोअर-०७. ‘स्कॅन चौतीस’चंही तसंच केलं, शेवटी ‘अनुभवदाखला’ जोडून. यादीत वर ‘ह्यांचा बायोडेटा शेवटचा खरंच शेवटचा’ आणि खाली त्याचं स्वतःचं नाव. त्याच्या फाइलींच्या यादीत त्याचं नाव पहिल्यांदाच आलं होतं. त्याला ते दुसऱ्या कोणाचं तरी वाटलं.

“विषय काय लिहाल?”

“‘स्टोअरकीपर पदासाठी अर्ज, स्टोअर-०७’, आणि माझं नाव.”

“शाबास. आणि पत्राच्या आधी एक ओळ : ‘सोमवारी पाठवलेल्या मेलमध्ये अनावश्यक मजकूर राहिला होता, कृपया हाच अर्ज ग्राह्य धरावा.’ लपवायचं नाही, रडायचं नाही. नवा मेल उघडा. फॉरवर्ड नाही. आधी फाइल जोडा, मग विषय, मग मजकूर, पत्ता सगळ्यात शेवटी. म्हणजे अर्धवट असताना चुकून गेला तरी जाणार कुठे? चला, पाठवून टाका.”

भिंतीवर पावणेएक वाजले होते. त्याने सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या आणि उठला.

“कुठे निघालात?”

“घरी जाऊन पाठवतो.”

“अहो, इथे यंत्र आहे, मी आहे, सगळं समोर आहे! घरी जाऊन काय वेगळं होणार? पाचची मुदत आहे. वीज गेली, इंटरनेट गेलं तर?”

“सकाळपासून चहावर आहे,” तो म्हणाला. “जेवून पाठवतो.”

 बाईंना एकतिसावं पान आठवलं. त्यांनी पेन पिशवीत टाकलं.

“जा,” त्या म्हणाल्या. “नीट जेवा.”

*

घरी येऊन त्याने भात लावला, दोन अंडी उकडली, काकडी चिरली. टेबलावर बसून जेवला. ताट धुतलं. मग संगणक उघडला. तीनला दहा कमी होते.

नवा मेल. कोरा पांढरा चौकोन. खाली टिंबं नव्हती, काहीच नव्हतं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या मेलाखाली रिकामी जागा होती. त्याने थोडा वेळ त्या जागेकडे बघितलं.

फाइल जोडायला गेला आणि हात सवयीने जुन्या नावावरच पडला. ‘ह्यांचा’ जोडला गेला. जेवला नसता तर कदाचित लक्षातही आलं नसतं. त्याने ती काढली, नवी जोडली, दाखला जोडला, दोन्ही उघडून पाहिल्या. विषय. मजकूर. शब्द मोजले, एकशे अडतीस. सगळ्यात शेवटी पत्ता, जाहिरातीशी एकेक अक्षर ताडून. स्टोअरमधून माल बाहेर देताना चिठ्ठी ताडायचा तसा.

पाठवला. मग ते वहीच्या मागचं पान टाइप करून मुलीला पाठवलं. त्यात शब्द मोजले नाहीत.

शुक्रवार गेला, शनिवार, रविवार गेला. घर तसंच होतं. फोन त्याने न्हाणीघरातसुद्धा बरोबर नेला. सोमवारी साडेअकराला तो वाजला. लिफ्ट कंपनीतली मुलगी होती, आवाज घाईचा.

“स्टोअर-०७ साठी अर्ज तुमचाच ना? बुधवारी दहाला मुलाखतीला येऊ शकाल?”

“येतो,” तो म्हणाला. आवाज बसला होता. सकाळपासून कोणाशी बोलला नव्हता. त्याने घसा साफ केला आणि पुन्हा म्हणाला, “येतो. पत्ता तोच ना, जाहिरातीतला?”

“हो. मूळ दाखले आणा. आणि तुम्ही लिहिलंय की आधी एक मेल पाठवला होता म्हणून?”

 “हो. मागच्या सोमवारी. त्यात जरा... तुम्ही वाचला का तो?”

“नाही हो. विषयात संकेत नसला की मेल आमच्याकडे वेगळ्या पेटीत जातो. तिकडे कोणी बघत नाही.” चावी दाबल्याचा आवाज आला. “आहे इथे. ‘ह्यांचा अर्ज’. बंदच आहे, उघडलेला नाही. असेच येतात शेकडो.”

तो खुर्चीवर बसला. म्हणजे कोणी हसलं नव्हतं. इथे तरी नाही, आणि बाकीच्या सतरा ठिकाणीही बहुधा असंच झालं असेल. तिचं ते लिहिलेलं कोणी वाचलं नव्हतं. आधी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि मग, त्याला कळेना का, वाईट वाटलं. तिने इतकं नीट लिहिलं होतं. जेवा, पुसा, मी घरी आले की बघीन. चौदा महिने तो ते दाराबाहेर पाठवत राहिला आणि ते अठरा बंद खोक्यांत पडून होतं.

“हॅलो? त्यात काही महत्त्वाचं होतं का?” पलीकडच्या मुलीने विचारलं. “उघडून बघू?”



“नको,” तो म्हणाला. “ते घरचं आहे. पुसून टाका.”

“पुसलं,” ती म्हणाली. एवढं सोपं होतं ते. “बुधवारी दहा. उशीर करू नका.”

फोन ठेवून त्याने आपल्या मुलीला लावला. तिचा फोन व्यस्त होता. त्याने टेबलाखालून इस्त्री काढली, शर्ट पसरला. पुढची बाजू केली, बाह्या केल्या. मग शर्ट उलटा केला आणि पाठीवरूनही फिरवली.